स्टंपची सावली आणि व्हायरल फोटो : सावलीवरून ठिकाण आणि वेळ कशी ओळखतात?

व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. शाळेचं मैदान, क्रिकेट खेळणारी मुलं आणि खाली मजकूर : ‘२२ डिसेंबर, दिल्ली. प्रदूषणामुळे मैदानी खेळ बंद असताना ही शाळा मुलांना उन्हात पळवतेय.’ मजकुरात शाळेचं नाव असतं आणि तासाभरात शाळेला शिव्यांचे मेसेज सुरू होतात.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असे फोटो रोज फिरतात. फोटोत फलक नाही, गाडीची नंबरप्लेट नाही, कुणाचा चेहरा ओळखू येत नाही. तरीही एक गोष्ट फोटोत असते आणि ती मजकूर लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे सावली.

आता ही सावली नक्की काय सांगते आणि काय सांगत नाही, ते याच फोटोवरून बघूया.

सावलीतून फक्त दोन आकडे मिळतात

जमिनीवर सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूच्या सावलीतून दोनच गोष्टी कळतात. पहिली, सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता. वस्तूची उंची भागिले सावलीची लांबी केली की या कोनाचं ‘टॅन’ मिळतं. वस्तू आणि सावली सारखीच लांब असेल, तर सूर्य ४५ अंशांवर. सावली वस्तूच्या दुप्पट असेल, तर सूर्य साधारण साडेसव्वीस अंशांवर.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर्य कुठल्या दिशेला होता. सावली जिकडे पडते त्याच्या बरोब्बर उलट दिशेला सूर्य असतो. ही दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे अंशांत मोजतात. पूर्व म्हणजे ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०.

पण सूर्य आकाशात कुठे दिसेल हे तीन गोष्टींवर ठरतं : ठिकाणाचा अक्षांश, तारीख आणि दिवसाची वेळ. अज्ञात गोष्टी तीन आणि हातात आकडे दोन. म्हणून नुसत्या सावलीवरून तिन्ही गोष्टी कधीच कळत नाहीत. त्यातली एक बाहेरून आणावी लागते. तारीख माहीत असेल तर अक्षांश आणि वेळ निघते. ठिकाण माहीत असेल तर तारीख आणि वेळ निघते.

याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. दुसरं महायुद्ध संपल्याच्या आनंदात टाइम्स स्क्वेअरमध्ये एक खलाशी एका तरुणीचं चुंबन घेतोय, असा आल्फ्रेड आयझेनस्टाट यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. तारीख १४ ऑगस्ट १९४५, जागाही माहीत. प्रश्न फक्त वेळेचा होता. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या इमारतीवर पडलेली एक सावली शोधली, ती समोरच्या हॉटेलच्या छतावरच्या फलकाची होती हे ओळखलं आणि २०१५ मध्ये वेळ सांगितली : संध्याकाळी ५ वाजून ५१ मिनिटं. तारीख आणि जागा पक्की होती, म्हणूनच उत्तर मिनिटापर्यंत जाऊ शकलं.

क्रिकेटचं मैदान म्हणजे आयती मोजपट्टी

फोटोत सावली मोजायची तर तीन गोष्टी लागतात : माहीत असलेली उंची, जमिनीवरचं माहीत असलेलं अंतर आणि माहीत असलेली दिशा. खऱ्या खेळपट्टीवर या तिन्ही सापडतात.

नियमानुसार स्टंपची उंची २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. स्टंप ज्या रेषेवर रोवतात ती बोलिंग क्रीज. तिच्यापुढे ४ फुटांवर, म्हणजे १२२ सेंटिमीटरवर, पॉपिंग क्रीज. आणि मधल्या स्टंपपासून दोन्ही बाजूंना ४ फूट ४ इंचांवर, म्हणजे १३२ सेंटिमीटरवर, रिटर्न क्रीज. म्हणजे मधल्या स्टंपच्या उजवीकडे १३२ बाय १२२ सेंटिमीटरची एक चौकटच चुन्यानं आखलेली असते. तिची एक बाजू तेवढी आखलेली नसते : मधल्या स्टंपपासून समोरच्या मधल्या स्टंपपर्यंतची रेघ. ती आपण ओढायची.

राहिली दिशा. सकाळ-संध्याकाळचं खाली आलेलं ऊन बॅट्समनच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खेळपट्ट्या शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. पण ‘शक्यतो’वर थांबायचं नाही. ज्या शाळेचं नाव मजकुरात आहे, तिचं मैदान उपग्रह नकाशावर उघडायचं आणि खेळपट्टीची दिशा मोजायची. दावा खरा धरायचा आणि तो स्वतःच्याच मैदानावर टिकतो का ते बघायचं, अशी ही पद्धत आहे.

आपल्या उदाहरणात नकाशावर खेळपट्टी बरोबर उत्तर-दक्षिण दिसते. फोटो दक्षिणेकडच्या स्टंपच्या मागून काढलाय, हे मागे दिसणाऱ्या इमारतीवरून ठरतं. म्हणजे फोटोत समोर उत्तर आणि उजवीकडे पूर्व. मधल्या स्टंपची सावली समोर आणि उजवीकडे, चौकटीच्या आतच पडलीय. म्हणजे सूर्य मागे डावीकडे, नैऋत्येला आहे. वेळ दुपारनंतरची, एवढं तर मोजायच्या आधीच कळलं.

तिरक्या फोटोत अंतर कसं मोजायचं?

फोटोवर पट्टी ठेवून सावली मोजली तर उत्तर हमखास चुकतं, कारण लांबची गोष्ट लहान दिसते. खेळपट्टीवरची आयताकृती चौकट फोटोत तिरकी आणि वाकडी दिसते. यावर चित्रकारांची एक जुनी युक्ती आहे. चौकटीचे दोन कर्ण ओढा. ते जिथे छेदतात तो चौकटीचा खरा मध्य असतो, फोटो कितीही तिरका असला तरी.

या मध्यातून चौकटीच्या बाजूंना ‘समांतर’ रेघा काढल्या की चौकटीचे चार भाग होतात. फोटोत या रेघा कागदावर समांतर ठेवायच्या नाहीत. रेघ चौकटीच्या ज्या दोन समोरासमोरच्या बाजूंना समांतर असते, त्या बाजू लांब जाऊन जिथे एकत्र येताना दिसतात, त्याच बिंदूकडे ती वळवायची. प्रत्येक भागाचे पुन्हा कर्ण काढले की सोळा घरं होतात. प्रत्येक घर प्रत्यक्षात पूर्व-पश्चिम ३३ सेंटिमीटर आणि उत्तर-दक्षिण साडेतीस सेंटिमीटर.

आता सावलीचं टोक कुठल्या घरात आहे ते बघायचं. आपल्या फोटोत ते दोन्ही दिशांना तिसऱ्या रेघेच्या किंचित अलीकडे आहे. पूर्वेकडे साधारण ९४ सेंटिमीटर, उत्तरेकडे ८५ सेंटिमीटर.

पुढचं काम शाळेतल्या पायथागोरसचं. ९४ आणि ८५ चे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की सावलीची लांबी १२७ सेंटिमीटर येते. ७१ भागिले १२७ म्हणजे ०.५६. सूर्याची उंची झाली २९.३ अंश. दिशेसाठी ९४ भागिले ८५ : सावली उत्तरेपासून पूर्वेकडे ४८ अंश वळलीय. म्हणजे सूर्य दक्षिणेपासून पश्चिमेकडे ४८ अंश, उत्तरेपासून मोजला तर २२८ अंशांवर.

हेच आपले दोन आकडे : उंची २९.३, दिशा २२८.

आता तारीख खरी धरून बघूया

तारखेवरून सूर्याची ‘क्रांती’ कळते. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. २१ मार्चच्या सुमारास ती शून्य असते, २१ जूनला उत्तर २३.४ अंश आणि २२ डिसेंबरला दक्षिण २३.४ अंश. दक्षिणेकडची क्रांती उणे धरतात. सगळ्या गोष्टींना जोडणारं सूत्र असं :

```
sin δ = sin φ × sin h + cos φ × cos h × cos A
```

यात `δ` म्हणजे क्रांती, `φ` म्हणजे अक्षांश, `h` म्हणजे सूर्याची उंची आणि `A` म्हणजे सूर्याची दिशा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर आडवं केलं की त्यात ‘साइन’ आणि ‘कॉस’ मिळतात. ते अंशांवर ठेवलंय ना, एवढं बघायचं.

२२ डिसेंबरसाठी डावी बाजू उणे ०.३९७ यायला हवी. समीकरण सोडवत बसायची गरज नाही, अक्षांश घालून बघायचे. १० अंश घातले तर उजवी बाजू उणे ०.४९ येते. दिल्लीचे २८.६ घातले तर उणे ०.२७८. दोन्ही चुकीचे. मधले आकडे घालत गेलं की १८.६ अंशांवर उणे ०.३९७ जुळतं.

२२ डिसेंबर ही तारीख खरी असेल तर फोटो १८.६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचा आहे. हा पुणे आणि लातूरचा पट्टा झाला. दिल्ली तिथून दहा अंश उत्तरेला आहे.

हीच गोष्ट सूत्राशिवायही दिसते. suncalc.org वर दिल्ली आणि २२ डिसेंबर निवडायचं आणि सूर्याची दिशा २२८ अंश होईपर्यंत वेळ पुढे सरकवायची. तेव्हा दिल्लीत सूर्य फक्त १९ अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात ७१ सेंटिमीटरच्या स्टंपची सावली दोन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे तिचं टोक पॉपिंग क्रीज आणि रिटर्न क्रीज दोन्ही ओलांडून चौकटीच्या बाहेर पडायला हवं. फोटोत मात्र ते चौकटीच्या आत आहे. एवढा फरक डोळ्यांनाही कळतो.

वेळ किती होती?

सूर्य त्या ठिकाणी दिवसातल्या सगळ्यात उंच जागी असतो तेव्हा सौर वेळेनुसार बारा वाजतात. तिथून तो ताशी १५ अंशांनी पुढे सरकतो. हा सरकलेला कोन, म्हणजे `H`, असा निघतो :

```
sin H = sin(48°) × cos h ÷ cos δ
```

उत्तर येतं ४५ अंश, म्हणजे सौर वेळेनुसार दुपारचे तीन.

पण घड्याळ सूर्यावर चालत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची आहे. त्या रेषेच्या पश्चिमेला एका अंशामागे सूर्य चार मिनिटं उशिरा येतो. पुणे साधारण ७३.९ अंशांवर आहे, म्हणजे ३५ मिनिटांचा फरक. म्हणून फोटो पुण्याचा असेल तर घड्याळात साधारण ३ वाजून ३५ मिनिटं झाली असतील.

‘पुण्याचा असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सावलीवरून अक्षांश मिळतो, रेखांश मिळत नाही. १८.६ अंशांची रेष पुण्याजवळून निघते, लातूरवरून पुढे तेलंगणा ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे जाते. सावली त्या रेषेवर कुठेही तशीच दिसू शकते, फक्त घड्याळातली वेळ बदलते. फोटोत एखादं चालू घड्याळ दिसलं तर मात्र याच मिनिटांच्या फरकावरून रेखांशाचाही अंदाज येतो.

दावा खोटा, पण कुठला भाग खोटा?

इथेच अनेक जण घाई करतात. ‘फोटो दिल्लीचा नाहीच, पुण्याचा आहे’ असं उलटं फॉरवर्ड लगेच तयार होतं. ते सिद्ध झालेलं नाही. आपण तारीख खरी धरली म्हणून पुणे मिळालं. आता उलट करून बघूया. जागा खरी धरायची आणि तारीख काढायची.

दिल्लीचा अक्षांश घातल्यावर सूत्रातून उणे ०.२७८ आलं होतं. याचा अर्थ क्रांती दक्षिण १६ अंश. सूर्य तिथे वर्षातून दोनदा असतो : दक्षिणेकडे जाताना ५ नोव्हेंबरच्या सुमारास आणि परत येताना ५ फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे फोटो त्याच शाळेचा, पण नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीतला असू शकतो. जुना फोटो नवा म्हणून फिरवणं हा प्रकार तर अगदी नेहमीचा.

या दोन तारखांमध्ये निवड करणं सावलीला जमत नाही. वर्षात जवळजवळ प्रत्येक तारखेला अशी एक जोडीदार तारीख असते, कारण सूर्य एकाच वाटेनं जातो आणि परत येतो. २१ नोव्हेंबर आणि २१ जानेवारीच्या सावल्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. वर्ष तर सावलीवरून कळतच नाही.

इथेही घड्याळ मदत करतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या साधारण १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साधारण १४ मिनिटं मागे. म्हणून दिल्लीत हीच सावली नोव्हेंबरमध्ये ३ ला पाच कमी असताना पडेल आणि फेब्रुवारीत ३ वाजून २५ मिनिटांनी. शाळा सुटायची वेळ माहीत असेल, तर एवढाही धागा पुरतो. आपल्या पुण्याच्या हिशोबात ही दुरुस्ती लागली नाही, कारण डिसेंबरच्या शेवटी हा फरक जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचा असतो.

म्हणून या फोटोबद्दल खात्रीनं म्हणता येईल असं वाक्य एकच : हा फोटो ‘दिल्ली’ आणि ‘२२ डिसेंबर’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असताना काढलेला नाही.

हे कितपत पक्कं आहे?

सावलीच्या टोकात पाच सेंटिमीटरची चूक झाली तर सूर्याची उंची साधारण एका अंशानं बदलते आणि अक्षांशही तेवढाच हलतो. ही चूक चालते. खरा धोका दिशेत आहे. या फोटोत दिशा पाच अंशांनी चुकली तर अक्षांश साडेतेरापासून तेवीसपर्यंत कुठेही येऊ शकतो, म्हणजे बंगळूरच्या जवळपासपासून नागपूरच्याही उत्तरेपर्यंत. तरीही दिल्ली त्यात बसत नाही. दिल्ली बसवायची तर खेळपट्टी उत्तरेपासून पश्चिमेकडे १४ अंश वळलेली हवी आणि एवढा तिरकेपणा उपग्रह नकाशात स्पष्ट दिसतो.

दुपारी बाराच्या आसपासच्या फोटोत गणित उलटं होतं. तेव्हा हिवाळ्यात दिशेतली चूक अक्षांशाला फारशी हलवत नाही, पण वेळ मात्र ढोबळच कळते. तारखेचंही तसंच. डिसेंबर आणि जूनच्या शेवटी क्रांती आठवडाभर जवळपास हलत नाही, तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये ती आठवड्यात पावणेतीन अंशांनी बदलते. त्या महिन्यांत ‘साधारण त्याच आठवड्यातला’ ही तारीख पुरत नाही.

काही चुका मात्र आकड्यांत दिसत नाहीत, त्या डोळ्यांनीच पकडाव्या लागतात. स्टंप तिरका रोवला असेल किंवा जमिनीला उतार असेल तर दोन्ही आकडे बिघडतात. हे तपासायला पलीकडचे स्टंप किंवा एखादा खांब यांचीही सावली मोजायची. दोन वस्तूंमधून सूर्याची उंची वेगवेगळी आली, तर त्या फोटोतून काहीच काढायचं नाही. गल्लीतल्या सामन्यात प्लॅस्टिकचे स्टंप आणि पावलांनी मोजलेली क्रीज असेल, तर २८ इंच आणि ४ फूट हे आकडे लागूच होत नाहीत.

शेवटची गोष्ट म्हणजे आरशासारखा उलटा केलेला फोटो. तो उलटा असेल तर सावली खरं तर डावीकडे, वायव्येला पडली होती आणि सूर्य आग्नेयेला होता. गंमत म्हणजे अशा वेळी अक्षांश तोच येतो, कारण सकाळचे नऊ आणि दुपारचे तीन यांत सूर्याची उंची सारखीच असते. चुकते ती वेळ, थेट सहा तासांनी. त्यासाठी मुलांच्या टी-शर्टवरचे आकडे आणि अक्षरं आधी वाचून बघायची. ती सरळ असतील, तरच दुपारचे तीन म्हणायचं.